आधी तापलं तर दही, आधी आंबलं तर नासलं

मे महिन्यातली गोष्ट. आदल्या रात्री लग्नाहून उशिरा आलो होतो, त्यामुळे सकाळी दार उघडायलाच साडेनऊ झाले. दूधवाला साडेपाचला दोन पिशव्या कडीला अडकवून गेलेला. पिशव्या हाताला चांगल्याच कोमट लागत होत्या. एक कापली, वास घेतला, ठीक होता. थेंबभर जिभेवर टाकून पाहिलं, तेही ठीक. पातेल्यात ओतून गॅस लावला. कडेला बारीक बुडबुडे यायला लागले आणि दूध वर येण्याऐवजी मध्येच रवाळ झालं. बघता बघता पांढऱ्या गाठी एकीकडे, हिरवट पाणी दुसरीकडे. आई आतूनच म्हणाली, "नासलं ना? वाटलंच मला."

दुसरी पिशवी तशीच फ्रीजमध्ये टाकली आणि त्या दिवशी दुकानातून आणखी एक आणली. ती लगेच तापवली, निववली, संध्याकाळी विरजण लावलं. रात्री झोपण्याआधी बघतो तर चमचा उभा राहील असं कवडीचं दही. दोन्ही पातेल्यांत घडलं ते एकाच आम्लामुळे. फरक इतकाच की पहिल्या पातेल्यात दूध आधी आंबलं आणि मग तापलं. दुसऱ्यात आधी तापलं आणि मग आंबलं. हा क्रम ध्यानात ठेवला की दूध नासण्याची आणि दही बिघडण्याची बहुतेक कारणं आपोआप उलगडतात.

दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के वाटा केसीनचा. हे केसीन दुधात विरघळलेलं नसतं, अतिसूक्ष्म कणांच्या रूपात तरंगत असतं. दूध पांढरं दिसतं ते बरंचसं या कणांमुळे. प्रत्येक कणाच्या अंगावर बारीक लव असते आणि त्यावर ऋण विद्युतभार असतो. सगळे कण सारख्याच भाराचे, म्हणून एकमेकांना दूर लोटतात. ताजं दूध तासभर उकळलं तरी हे कण वेगवेगळेच राहतात; बासुंदी आटते, नासत नाही, ती याचमुळे.

आता यात जिवाणू आणू. पिशवीतलं दूध पाश्चराइज्ड म्हणजे साधारण ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून झटकन थंड केलेलं असतं. त्यात रोगजंतू मरतात, पण सगळेच जिवाणू मरत नाहीत. काही टिकून राहतात, काही पुढच्या हाताळणीत शिरतात. थंडीत ते गप्प असतात. उबेला आले की दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खाऊन लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. उन्हाळ्याच्या उबेत त्यांची संख्या अर्ध्या तासात दुप्पट होते असं धरलं, तर चार तासांत २५६ पट होते. माझी पिशवी दारावर चार तास लटकत होती. त्याआधी टेम्पोत आणि दुकानाच्या पायरीवर ती किती वेळ होती, तो हिशेब वेगळाच.

आम्ल वाढलं की कणांवरचा भार कमी होत जातो. ताज्या दुधाचा पीएच ६.६ ते ६.७ असतो. (हा आकडा जितका उतरतो तितका आंबटपणा जास्त.) तो ४.६ पर्यंत आला की भार पार संपतो, कण एकमेकांना चिकटतात आणि दूध न तापवताच घट्ट होतं. पण दूध नासायला इतकं खाली जावं लागत नाही. पीएच ५.८ च्या आसपास कण एकमेकांना कसेबसे टाळत असतात. गार किंवा कोमट दुधात तेवढं जमूनही जातं, म्हणून दूध डोळ्यांना चांगलं दिसतं. गॅस लावला की कण जोराने आपटायला लागतात, तापल्यावर त्यांची चिकटण्याची ओढही वाढते आणि उरलासुरला भार पुरा पडत नाही. शिवाय इतका आंबटपणा जिभेला सहज कळतोच असं नाही. वास ठीक, चव ठीक, तरी नासलं. त्याचं कोडं हे असं.

गावच्या दूध संकलन केंद्रावर हे फार पूर्वीपासून माहीत आहे. एखाद्या कॅनमधल्या दुधाची शंका आली की परीक्षानळीत साधारण पाच मिलिलिटर दूध घेऊन ती पाच मिनिटं उकळत्या पाण्यात धरतात. नळी तिरकी केल्यावर काचेला कण चिकटलेले दिसले की कॅन परत. घरी हीच परीक्षा पळीत होते. शंका असेल तेव्हा अख्खी पिशवी पातेल्यात रिकामी करण्याआधी दोन चमचे दूध पळीत घेऊन आचेवर धरावं. अर्ध्या मिनिटात निकाल लागतो. पळीत फाटलं तर उरलेलं दूध विरजायला घ्यावं असं कुणाच्या मनात येईल, पण ते करू नये. न उकळलेल्या दुधात आंबवणारे कोणते जिवाणू वाढले आहेत हे आपल्याला ठाऊक नसतं. ते तापवून नासूच द्यावं, वासाला आणि चवीला चांगलं असेल तर पनीर करावं.

चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की असं दूध उकळतं, हा उपाय बऱ्याच घरांत ठाऊक असतो. खरंच उकळतं, कारण सोडा आम्ल मारतो. पण जिवाणूंनी जे करायचं ते केलेलंच असतं, आपण फक्त त्याची खूण पुसतो. विक्रीच्या दुधात असा सोडा मिसळणं भेसळीत मोडतं, ते याच कारणाने.

घरातल्या काही सवयी दुधाला उगाच त्या काठावर नेऊन ठेवतात. कालचं उरलेलं वाटीभर दूध आजच्या लिटरभर दुधात ओतून एकत्र तापवणं ही त्यातली सगळ्यात महाग सवय. कालचं आधीच थोडं आंबलेलं असतं आणि ते ताज्याला सोबत घेऊन जातं. पातेल्याच्या काठाखाली, जिथे घासणीचा हात फिरत नाही, तिथे दुधाचा पिवळसर थर राहतो. तोही एक प्रकारचं विरजणच. चहात आलं कुटून घातल्यावर दूध फाटतं त्याचं कारण थोडं वेगळं. आल्यात प्रथिनं तोडणारं एक पाचक द्रव्य असतं. आलं पाण्यात आधी खळखळून उकळलं की ते निकामी होतं, मग दूध घालावं. गुळाचा चहा फाटतो त्याला मात्र गुळातलं आम्ल आणि क्षार जबाबदार. तिथे गूळ आच बंद केल्यावर घालणं बरं.

कधी कधी दूध अजिबात आंबट नसताना नासतं. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस पडलेलं, दोनदा तापवून झालेलं दूध तिसऱ्यांदा तापवताना असं होतं. काही जिवाणूंचे बीजाणू उकळीतही टिकतात, काही जिवाणू थंडीतही हळूहळू वाढतात आणि केसीनची लव कापणारी द्रव्यं दुधात सोडतात. अशा दुधाच्या गाठींना कडवट चव असते. आंबट नासलेल्याचं पनीर होतं, कडू नासलेलं सरळ फेकून द्यावं.

आता दुसऱ्या पातेल्याकडे वळू. दही लावायला दूध आधी तापवतात ते फक्त जंतू मारण्यासाठी नाही. केसीनखेरीज दुधात काही विरघळलेली प्रथिनं असतात, पनीर काढल्यावर पाण्यात उरतात ती. साधारण ७० अंशांच्या पुढे त्यांची घडी उलगडते आणि ती केसीनच्या कणांना जाऊन बिलगतात. असे अंगावर प्रथिनं चढलेले कण पुढे आम्लाने जोडले जातात तेव्हा जाळं दाट विणलं जातं आणि पाणी त्यात अडकून राहतं. म्हणून दूध वर आलं की लगेच गॅस बंद करू नये. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ठेवावं, अधूनमधून ढवळावं. त्यात थोडं पाणीही उडतं. गाईच्या पातळ दुधाचं दही ज्यांचं कायम गिळगिळीत होतं, त्यांनी विरजण बदलण्याआधी ही दहा मिनिटं देऊन पाहावीत. म्हशीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश दोन्ही जास्त, तिथे घाई केली तरी खपून जातं.

नासताना जाळं विणायला वेळच मिळत नाही. उकळी दुधाला घुसळत असते, कण भेटेल त्याला चिकटून गाठी होतात आणि पाणी बाहेर फेकलं जातं. दह्यात आम्ल पाच-सहा तासांत सावकाश वाढतं आणि दूध निश्चल असतं. विरजण घातल्यावर भांडं हलवायचं नाही हे आजीचं सांगणं म्हणूनच बरोबर. अर्धवट लागलेलं दही, म्हणजे अधमुरं, कितपत झालं ते पाहायला चमचा घातला की तिथे जाळं तुटतं आणि त्या खळग्यात पाणी साचतं. भांडं जागेवरच किंचित कलवावं. दही काठापासून एकसंध सुटलं की झालं.

विरजणात जिवाणूंच्या साधारण दोन जाती नांदतात. एकांना ४० ते ४३ अंशांची चांगली ऊब लागते, ते झपाट्याने काम करतात आणि घट्ट, आंबटसर दही देतात. दुसरे २५ ते ३० अंशांवर खूश असतात, त्यांचं दही सौम्य पण सावकाश. आपल्या घरच्या विरजणात दोन्ही कमीअधिक असतात. ऋतू बदलला की दही बदलतं, कारण आज यांचं राज्य तर उद्या त्यांचं. पन्नास अंशांच्या वर मात्र दोघांचाही निभाव लागत नाही. गरम दुधात विरजण घातलं की दही लागत नाही, त्याचं कारण एवढंच.

ऋतूमागची सगळ्यात मोठी चूक बोटाची आहे. "बोट बुडवून कोमट लागलं की विरजण घाल" असं आपण सांगतो, पण बोट तापमान मोजत नाही, फरक मोजतं. डिसेंबरच्या रात्री गार पाण्यात भांडी घासलेल्या बोटाला ३५ अंशांचं दूधसुद्धा गरम लागतं; आपण आणखी थांबतो आणि विरजण घालतो तेव्हा दूध तिशीत गेलेलं असतं. मे महिन्यात ओट्याशी घामाघूम उभं असताना ४७ अंशांचं दूध कोमट वाटू शकतं. मी शेवटी स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर घेतला आणि माझा अंदाज दोन्ही ऋतूंत उलट्या बाजूंना चुकत होता हे पाहून ओशाळलो. थर्मामीटर नसेल तर बोटाऐवजी मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकावा. तिथली कातडी जास्त स्थिर तापमानाची असते.

पुण्यातली थंडीतली एक रात्र नोंद करून ठेवली आहे. स्वयंपाकघरात १८ अंश. अर्धा लिटर दूध, ४३ अंशांवर. विरजण एक मोठा चमचा, फ्रीजमधून दोन तास आधी काढून ठेवलेलं, वाटीत थोड्या दुधात मोडून मग मिसळलेलं. हेच दूध दोन भांड्यांत वाटलं. एक स्टीलचं भांडं ओट्यावर झाकून ठेवलं, दुसरं भाकरीच्या डब्यात, म्हणजे उष्णता धरून ठेवणाऱ्या कॅसरोलमध्ये. ओट्यावरचं दोन तासांत २५ अंशांवर आलं, सकाळी पाहिलं तर कडेला पातळ आणि चमच्याला लांब तार. डब्यातलं पाच तासांनीही तिशीच्या वर होतं आणि सकाळी सुरीने कापावं असं लागलं होतं. विरजण एकच, दूध एकच. थंडीत विरजण वाढवण्यापेक्षा ऊब टिकवणं किती मोठं काम करतं, ते या दोन भांड्यांनी मला शिकवलं. कॅसरोल नसेल तर भांडं टॉवेलात गुंडाळून बंद ओव्हनमध्ये, तांदळाच्या डब्यात, किंवा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून सगळं झाकलं तरी चालतं. दही लागायला आठ ते दहा तास धरावेत.

ती तार कशाची, हेही सांगायला हवं. कमी तापमानाला काम करणाऱ्या काही जिवाणूंना साखरेपासून चिकट, लांब धागे बनवायची सवय असते. थंडीत दही सावकाश लागतं तेव्हा त्यांची चलती होते. दही बिघडलेलं नसतं, खाल्लं तर अपाय नाही. फिनलंडमध्ये असं तार सुटणारं दही मुद्दाम करून आवडीने खातात. आपल्याला ते बुळबुळीत वाटतं, हा चवीचा प्रश्न. पण तेच विरजण पुन्हा वापरलं तर तार पिढ्यान् पिढ्या चालते. दुसऱ्या घरचं चांगलं विरजण आणावं आणि पुढचे दोन-तीन वेळा दही नीट उबेत लावावं. तारेबरोबर कुबट वास आला किंवा वर गुलाबी, हिरवा, काळा डाग दिसला तर मात्र सगळं फेकावं. वरचा डाग काढून खालचं वापरणं धोक्याचं.

नागपूरकडच्या माझ्या मावशीची अडचण याच्या अगदी उलट. मे महिन्यात तिच्या स्वयंपाकघरात रात्रीसुद्धा ३५ अंश असतात. तिथे दही लागतं की नाही हा प्रश्नच नाही. ते थांबत नाही, हीच पंचाईत. रात्री दहाला विरजलेलं दही पहाटे तीनला लागून झालेलं असतं, त्यानंतर ते नुसतं आंबत बसतं. पीएच आणखी उतरला की जाळं आवळतं आणि सकाळी वर बोटभर पाणी, खाली दातांना झिणझिण्या आणणारं दही. मावशीने दोन बदल केले. दूध ३५-३६ अंशांपर्यंत निवू देते आणि अर्ध्या लिटरला विरजण पाव चमचाच घालते. आणि विरजायची वेळ रात्रीवरून दुपारवर आणली, म्हणजे साडेतीन-चार तासांनी ती जागी असते आणि लागल्या लागल्या भांडं फ्रीजमध्ये जातं. फ्रीजमध्ये ते आणखी घट्ट बसतं. मडक्यातलं दही उन्हाळ्यात चांगलं होतं, कारण मातीतून पाणी झिरपून उडतं. त्याने दही गारही राहतं आणि दाटही होतं. पण मडकं पुरतं धुता येत नाही, त्यामुळे कालचं आंबट उद्याच्या दह्यात उतरतं. मावशी ते दर वेळी उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवते.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात तापमान विरजणाला सोयीचंच असतं, बिघाड येतो तो दमट हवेतल्या बुरशीमुळे आणि फ्रीजमध्ये आठवडाभर पडलेल्या विरजणामुळे. जुन्या विरजणात आम्ल भरपूर पण जिवंत जिवाणू थोडे, म्हणून दही आंबट आणि पातळ. रोज दही लागल्यावर पहिल्यांदा दोन चमचे एका स्वच्छ वाटीत काढून झाकून ठेवावेत आणि तीन-चार दिवसांत वापरावेत.

सगळं नीट करूनही दही लागलंच नाही, दूध जसंच्या तसं राहिलं, तर शंका दुधावर घ्यावी. जनावराला प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिल्यावर काही दिवस ते औषध दुधात उतरतं आणि उकळूनही पुरतं जात नाही. ते विरजणातल्या जिवाणूंनाच मारतं. खात्री करायला तेच विरजण दुसऱ्या ठिकाणच्या दुधाला लावून पाहावं. तिथे लागलं आणि इथे नाही, तर गवळ्याला विचारायला हरकत नाही.

आणि विरजणच नसेल तर? माझी चुलतबहीण न्यू जर्सीत राहायला गेली तेव्हा तिला पहिल्या महिन्यात चवीचं विरजण मिळेना. तिने भारतीय दुकानातून आणलेल्या आठ-दहा हिरव्या मिरच्यांची देठं धुऊन अर्धी वाटी कोमट दुधात सोडली आणि वाटी दिव्याच्या उबेला ओव्हनमध्ये बारा तास ठेवली. देठांवर वनस्पतींसोबत राहणारे लॅक्टिक जिवाणू असतात, काम त्यांचंच. पहिलं दही सैल झालं, वर तिखटसर वास. ते तिने खाल्लं नाही. देठं काढून त्यातलंच एक चमचा दुसऱ्या दुधाला लावलं. तिसऱ्या खेपेला फोटो पाठवला, उलट्या वाटीतून दही पडत नव्हतं.